प्रमाणपत्र २०१९चं, सही आजची

*साताऱ्याजवळ माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं ४० खोल्यांचं काम चालून आलंय, एकूण ३२ लाखांचं. २५ टक्के आगाऊ आणि बाकी रक्कम माल बसवून झाल्यावर ६० दिवसांत, असं ठरतंय. करार एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीशी आहे, सही त्यांचे डायरेक्टर करणार. त्यांनी कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, त्यावर राजमुद्रा आहे. एवढ्यावर सही करायला हरकत नाही ना? प्रमाणपत्र, कराराचा मसुदा आणि पर्चेस ऑर्डर सोबत जोडतोय.*
*— एक वाचक, सातारा*

नमस्कार,

एवढ्यावर सही करू नका. प्रमाणपत्र बनावट आहे असं आमचं म्हणणं नाही, ते खरंच दिसतंय. पण ही कंपनी २०१९ साली एका तारखेला कायद्याने अस्तित्वात आली, यापलीकडे ते काही सांगत नाही. आज ती चालू आहे का, तिचे संचालक कोण, तिने हिशेब दिलेत का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं आणि पुढे कधी चढतही नाही. बँक पेन्शनरांकडून दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मागते, जन्माचा नाही. तुम्हाला मिळालाय तो जन्माचा.

हे खुद्द प्रमाणपत्रावरच छापलेलं आहे. तळाशी बारीक अक्षरांत एक टीप असते: हे प्रमाणपत्र फक्त नोंदणीचा पुरावा आहे, धंदा करण्याचा परवाना नाही, आणि कंपनीची सद्यस्थिती `www.mca.gov.in` वर पडताळता येते. राजमुद्रा पाहून समाधान झालेली मंडळी सहसा तिथपर्यंत वाचत नाहीत.

आधी त्या पीडीएफकडेच नीट पाहू. कंपन्यांची नोंदणी हल्ली ऑनलाइन होते आणि प्रमाणपत्रावर शाईची सही नसून डिजिटल सही असते. ती तपासायची तर फाइल कॉम्प्युटरवर अॅडोब रीडरमध्ये उघडून सहीवर क्लिक करा. मोबाइलच्या साध्या व्ह्यूअरमध्ये ती नुसतं चित्र म्हणून दिसते, त्यातून काही कळत नाही. क्लिक केल्यावर `Validity unknown` असं पिवळ्या प्रश्नचिन्हासह आलं तर घाबरू नका. सही देणाऱ्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र तुमच्या कॉम्प्युटरला ओळखीचं नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. मात्र सही झाल्यानंतर फाइलमध्ये बदल झाल्याचं रीडर सांगत असेल, तर ती फाइल बाजूला ठेवायची. तुमच्या फाइलमध्ये यातलं काहीच होत नाही, कारण ती मूळ फाइल नाहीच. कोणीतरी प्रिंट काढून ती स्कॅन केली आहे. त्यात गैर काही नाही, पण स्कॅनमध्ये डिजिटल सही मरते आणि पडताळण्यासारखं काही उरत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे त्यांच्या फाइलची चिकित्सा न करता प्रमाणपत्र थेट सरकारी नोंदीतूनच काढायचं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कुठल्याही कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं १०० रुपये शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. कंपनीची परवानगी लागत नाही, तिला विचारावंही लागत नाही. त्या कागदांकडे पुढे परत येऊ.

स्कॅनवरूनही एक गोष्ट लगेच तपासता येते, ती म्हणजे सीआयएन, कंपनीचा २१ अक्षरी ओळख क्रमांक. तुमच्या प्रमाणपत्रावरचा असा आहे (शेवटचे सहा आकडे इथे झाकले आहेत):

```
U 55101 MH 2019 PTC ######
```

पहिलं `U` म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. नोंदलेली असती तर तिथे `L` असतं. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात, `55101` हा हॉटेलचा. `MH` म्हणजे नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात. नोंद मुंबईच्या रजिस्ट्रारकडे असो की पुण्याच्या, अक्षरं हीच. गोव्यातल्या कंपनीला `GA` लागतं. मग नोंदणीचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार: `PTC` प्रायव्हेट लिमिटेड, `PLC` पब्लिक लिमिटेड, `OPC` एका माणसाची कंपनी. शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांकाचे. प्रमाणपत्रावरची तारीख २०१९ची आणि क्रमांकात `2016`, किंवा नावात प्रायव्हेट आणि क्रमांकात `PLC`, अशी विसंगती दिसली की कागदाशी कोणीतरी खेळलंय किंवा मधल्या काळात झालेला बदल तुम्हाला सांगितलेला नाही. तुमच्या कागदावर क्रमांक, तारीख आणि नाव यांचा मेळ बसतो.

मेळ बसत नाही तो पर्चेस ऑर्डरशी, आणि तुम्ही पाठवलेल्या तीन कागदांत आम्हाला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. २०१९च्या प्रमाणपत्रावर सीआयएनखाली कंपनीचा पॅनही छापलेला असतो. पॅनचं चौथं अक्षर मालक कोणत्या प्रकारचा ते सांगतं: कंपनीला `C`, व्यक्तीला `P`, भागीदारी फर्मला `F`. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला `27`, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे जसाच्या तसा पॅन. म्हणून कंपनीच्या जीएसटी क्रमांकात प्रमाणपत्रावरचाच पॅन दिसायला हवा आणि सहावं अक्षर `C` हवं. तुमच्या पर्चेस ऑर्डरवरच्या जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर `F` आहे.

म्हणजे करार करणार कंपनी, पण ऑर्डर आणि बिल एका भागीदारी फर्मच्या नावावर. ऑर्डरच्या डोक्यावर हॉटेलचं ब्रँडनाव मोठ्या अक्षरांत आहे, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये तो क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. `Legal Name` पुढे फर्मचं खरं नाव येईल आणि `Constitution of Business` पुढे भागीदारी असल्याचं दिसेल. नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, विवरणपत्रं कधीपर्यंत भरली आहेत, तेही तिथेच कळतं.

यात फसवणूकच असेल असं नाही. हॉटेलच्या धंद्यात जागा एकाची, चालवणारा दुसरा आणि खरेदी तिसऱ्याच्या नावावर, हे सर्रास चालतं. तुमची अडचण निराळी आहे. उद्या २४ लाख अडकले तर कंपनी म्हणेल, माल आमच्या नावावर आलाच नाही, आणि फर्म म्हणेल, करार आमच्याशी झालाच नाही. म्हणून करार, ऑर्डर आणि बिल यांवर एकच नाव हवं. कंपनीने स्वतःच्या जीएसटी क्रमांकाची सुधारित ऑर्डर द्यावी, नाहीतर फर्मनेही करारावर खरेदीदार म्हणून सही करावी. जाता जाता सांगतो, फर्म सही करत असेल तर ती कमी प्रतीची समजू नका. भागीदार फर्मच्या देण्याला स्वतःच्या मालमत्तेसह जबाबदार असतात. प्रायव्हेट लिमिटेडच्या भागधारकांवर ती पाळी येत नाही.

आता नोंदीकडे

मंत्रालयाच्या पोर्टलवर `MCA Services` मधल्या `Master Data` खाली कंपनीची मूळ माहिती फुकट पाहता येते. पोर्टलने लॉगिन मागितलं तर साधं खातं काढा. त्याला पैसे पडत नाहीत आणि डिजिटल सहीही लागत नाही. शोध नावाने न घेता सीआयएनने घ्या. एकाच समूहाच्या चार कंपन्यांत ‘हॉटेल्स’, ‘हॉस्पिटॅलिटी’, ‘रिसॉर्ट्स’ एवढाच फरक असतो आणि नावाने शोधताना भलतीच उघडते. दुसरं असं की गूगलवर कंपनीचं नाव टाकल्यावर वर येणाऱ्या खासगी साइट्सवर विसंबू नका. त्या मंत्रालयाचीच माहिती उचलून दाखवतात, पण कधी उचललेली ते कळत नाही. मधल्या काळात कंपनी नोंदीतून काढली गेली असली तरी तिथे ती आनंदाने चालू दिसते.

उघडलेल्या पानावर `Company Status` हा रकाना पहिल्यांदा पाहायचा. `Strike Off` असेल तर विषय संपला. कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली नाव नोंदीतून काढलं गेलं की कलम २५० नुसार ती विसर्जित होते आणि तिचं नोंदणी प्रमाणपत्र रद्द झालं असं मानलं जातं. जुनी येणी वसूल करणं आणि जुनी देणी भागवणं एवढ्यापुरतीच ती उरते, नवा करार करू शकत नाही. पीडीएफ मात्र तीच, राजमुद्रेसकट, कोणाच्याही फोनमध्ये पडून असते. २०१७-१८च्या मोहिमेत देशभरात दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं अशी निघाली, त्यांची प्रमाणपत्रं काही परत गोळा केली गेली नाहीत. नाव निघालेली कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन पुन्हा नोंदीत आणता येते. धनकोलाही तो अर्ज करता येतो, राजपत्रातल्या सूचनेपासून २० वर्षांपर्यंत. पण आपले पैसे मागण्याआधी आपल्याच खर्चाने कंपनी जिवंत करायची वेळ कोणावर येऊ नये.

`Under Process of Striking Off` म्हणजे नाव काढण्याची प्रक्रिया चालू आहे. कंपनीने स्वतःहून अर्ज केला असेल किंवा रजिस्ट्रारने नोटीस काढली असेल. अशा कंपनीशी उधारीवर व्यवहार नको. दिवाळखोरी प्रक्रियेतल्या कंपनीपुढे `Under CIRP` असं दिसतं आणि इथे लोक हमखास चुकतात, कारण हॉटेल चालू असतं, कामगार कामावर असतात, डायरेक्टरही केबिनमध्ये बसलेले असतात. पण प्रक्रिया सुरू झाल्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातात. त्याच्याशिवाय घेतलेल्या डायरेक्टरच्या सहीला किंमत राहत नाही. वर स्थगिती लागू असते, म्हणजे त्या काळात तुम्ही कंपनीवर वसुलीचा दावाही लावू शकत नाही.

तुमच्या कंपनीपुढे `Active` आहे. इथेच बहुतेकांची तपासणी थांबते आणि ती थांबू नये, कारण नाव नोंदीतून निघालेलं नाही एवढाच `Active`चा अर्थ. त्याच पानावर शेवटच्या वार्षिक सभेची तारीख आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख असते, ती वाचा. साध्या प्रायव्हेट कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, सभेनंतर ३० दिवसांत हिशेब `AOC-4` फॉर्मने आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण `MGT-7` किंवा `MGT-7A` ने भरायचं असतं. मंत्रालय अधूनमधून मुदत वाढवतं हे धरलं तरी डिसेंबर-जानेवारीपर्यंत त्या वर्षीच्या मार्चचा ताळेबंद नोंदीत दिसायला हवा. तुम्ही दिलेल्या क्रमांकावर दोन आर्थिक वर्षांचे हिशेब थकलेले दिसतात.

दोन वर्षांचा आकडा इथे महत्त्वाचा आहे. लागोपाठ दोन आर्थिक वर्षं कंपनी धंदा करत नाही असं मानायला रजिस्ट्रारला कारण मिळालं आणि तिने सुप्त कंपनीचा दर्जाही मागितला नसेल, तर कलम २४८ खाली तो नोटीस काढू शकतो. धंदा चालू आहे की नाही हे रजिस्ट्रार महाबळेश्वरला येऊन बघत नाही, त्याला दिसतात ते न भरलेले फॉर्म. तिसरं वर्षही थकलं की कलम १६४ लागू होतं. मग त्या संचालकांना पाच वर्षं या कंपनीत पुन्हा नेमणूक मिळत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही. म्हणजे आज `Active` असलेली ही कंपनी तुमची ६० दिवसांची उधारी पुरी व्हायच्या आत `Active` राहीलच, याची खात्री त्या रकान्यातून मिळत नाही.

त्याच पानावर कधी `ACTIVE compliance` असा रकाना दिसतो. नावावरून वाटतं की कंपनी नियमित आहे. तसं नाही. ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत नोंदलेल्या कंपन्यांकडून २०१९ मध्ये एकदाच, कार्यालयाचा पत्ता वगैरे खातरजमेसाठी, `INC-22A` नावाचा फॉर्म भरून घेतला होता. त्या रकान्यात तो भरला की नाही एवढंच असतं. तुमची कंपनी त्यानंतरची, तिला तो लागूच नाही.

भरणा झालेलं भांडवलही पाहून ठेवा. इथे ते एक लाख आहे. एक लाखाची प्रायव्हेट लिमिटेड असणं हे संशयाचं कारण नाही, निम्म्या लहान कंपन्या तशाच असतात. पण तुम्ही ८ लाख आगाऊ घेऊन २४ लाखांचा माल उधार देताय, आणि कंपनी बुडाली तर भागधारकांची जबाबदारी आपापल्या शेअर्सच्या रकमेवर थांबते, हे ध्यानात ठेवून अटी ठरवा. संचालकांची वैयक्तिक हमी मागा, नाहीतर आगाऊ रक्कम वाढवून घ्या. आणि तुमची उद्यम नोंदणी असेल, तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर ६० दिवसांची अट कायद्यापुढे टिकत नाही. लेखी कराराने ठरवली तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही.

शंभर रुपयांत काय काय बघायचं

सार्वजनिक कागदपत्रं उघडल्यावर सगळंच वाचत बसू नका. पहिलं म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. ते इथून उतरवून घेतलं की व्हॉट्सअॅपवरच्या स्कॅनची गरज उरत नाही. नाव बदललं असेल तर बदलानंतरचं नवं प्रमाणपत्रही इथेच मिळतं. नुसतं नाव बदलल्याने सीआयएन बदलत नाही, म्हणून जुन्या नावाचं प्रमाणपत्र दाखवून नव्या नावाने करार होत असेल तर दोन्ही कागदांवरचा सीआयएन जुळवून पाहायचा.

दुसरा `INC-20A`. २ नोव्हेंबर २०१८ पासून नोंदलेल्या, भागभांडवल असलेल्या कंपन्यांना हा फॉर्म लागतो. शेअर घेणाऱ्यांनी आपापले पैसे कंपनीत भरले आहेत असं त्यात एका संचालकाने जाहीर करायचं असतं, नोंदणीपासून १८० दिवसांत. तो भरल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज काढता येत नाही, असं कलम १०ए सांगतं. तुमची कंपनी २०१९ची, तेव्हा हा फॉर्म यादीत असलाच पाहिजे. प्रमाणपत्र चोख आणि `INC-20A` गायब अशा कंपन्या असतात. नोंदणी करून ठेवलेली असते, पुढे काही केलेलं नसतं.

तिसरं म्हणजे शेवटचा भरलेला `AOC-4`. त्यात ताळेबंद आहे. तुमच्या कामापुरतं इतकंच बघा की कंपनीला उत्पन्न होतं का आणि पुरवठादारांची देणी किती साठली आहेत.

बँकेचा बोजा वेगळ्या यादीत असतो, `Index of Charges` मध्ये. ती तुमच्या धंद्यात विशेष महत्त्वाची. हॉटेलला कर्ज देणारी बँक बहुधा जंगम मालमत्ता तारण घेते आणि दस्तात ‘सध्याची आणि यापुढे येणारी’ असे शब्द असतात. तुमचे पलंग आणि कपाटं हॉटेलच्या मालकीची झाली की तीही त्या तारणात जातात आणि वसुलीच्या रांगेत बँक तुमच्यापुढे उभी राहते. म्हणून पूर्ण पैसे मिळेपर्यंत सुट्या मालाची मालकी तुमच्याकडेच राहील, असं कलम करारात घाला. भिंतीत ठोकून बसवलेल्या कामाला त्याचा फारसा आधार मिळत नाही, तो इमारतीचा भाग ठरू शकतो. तेवढ्या भागाचे पैसे बसवायच्या आधीच घ्यावेत हे बरं.

सही करणारा कोण

नोंदीत या कंपनीचे दोन संचालक दिसतात, प्रत्येकाचा डीआयएन, म्हणजे संचालकाचा आठ आकडी ओळख क्रमांक, आणि नेमणुकीची तारीख. मसुद्यात ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ या दोघांत नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘डायरेक्टर – ऑपरेशन्स’ लिहिलंय. ते नोकरीतलं पद असावं. व्हिजिटिंग कार्डावर डायरेक्टर छापायला कोणी अडवत नाही, कायद्याने संचालक मात्र तोच, ज्याची नेमणूक रजिस्ट्रारकडे नोंदलेली आहे.

तरीही ते सही करू शकतात. कलम २१ नुसार कंपनीच्या वतीने करारावर सही करायला संचालक मंडळ एखाद्या अधिकाऱ्याला किंवा कर्मचाऱ्याला अधिकार देऊ शकतं. त्यासाठी मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत मागा. प्रत कंपनीच्या लेटरहेडवर हवी. लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा नुसतं ब्रँडनाव असलेला कागद परत करा. ठरावात तुमच्या कराराचा उल्लेख आणि रक्कम हवी, ‘सर्व प्रकारचे करार’ असं मोघम नको. तारीख कराराच्या आधीची हवी. आणि प्रमाणित करणारा माणूस सही करणाऱ्यापेक्षा वेगळा, म्हणजे नोंदीतल्या दोघांपैकी एक, डीआयएनसह. स्वतःच स्वतःला अधिकार दिल्याची प्रत बऱ्याचदा पुढे येते, ती घेऊ नका. रबरी शिक्का उठवला का यावर अडून बसू नका. कंपनीचा सामाईक शिक्का २०१५च्या दुरुस्तीपासून ऐच्छिक आहे, आणि ‘अधिकृत सहीकर्ता’ असा रबरी शिक्का तर कोणत्याही दुकानात करून मिळतो.

कंपनीच्या आतला कारभार नीट चालला आहे असं बाहेरच्या माणसाने धरून चालावं, असं कायद्यात तत्त्व आहे आणि त्याचा आधार काही पुरवठादार घेतात. पण शंकेला जागा दिसत असूनही चौकशी न करणाऱ्याला तो आधार मिळत नाही. सही करणाऱ्याचं नाव संचालकांच्या यादीत नाही, हे आता तुम्हाला माहीत झालं आहे.

मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात सध्या हॉटेलचं नाव आणि महाबळेश्वरचा पत्ता एवढंच आहे. तो असा करून घ्या:

*‘… प्रायव्हेट लिमिटेड, कंपनी कायदा २०१३ खाली नोंदलेली कंपनी, सीआयएन …, पॅन …, नोंदणीकृत कार्यालय …, जिच्या वतीने संचालक मंडळाच्या दिनांक … च्या ठरावानुसार श्री. … सही करत आहेत (यापुढे ‘खरेदीदार’).’*

नोंदणीकृत पत्ता हॉटेलचा नसून नोंदीतला घाला, कारण कंपनीला द्यायची कायदेशीर नोटीस तिथे जाते. याला जोडून एक कलम घाला: सहीच्या दिवशी कंपनी नोंदीत चालू स्थितीत आहे, नाव काढण्याची किंवा दिवाळखोरीची कोणतीही कारवाई तिच्यावर चालू नाही, आणि अशी नोटीस आली तर ती सात दिवसांत तुम्हाला कळवेल. कळवलं नाही तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल, हेही त्याच कलमात.

नोंद पुन्हा एकदा सहीच्या दिवशी सकाळी उघडा आणि ते पान तारखेसह छापून कराराच्या फाइलला लावा. बोलणी महिनाभर चालतात, तेवढ्यात रकाना बदलू शकतो. मोठा माल गाडीत भरण्याआधीही एकदा बघून घ्या.

राहिले थकलेले हिशेब. हे तुम्ही स्पष्ट विचारा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही, माहिती सार्वजनिकच आहे. उशिरा भरणाऱ्या कंपनीला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क पडतं. दोन वर्षांच्या चार फॉर्मचं ते लाखाच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून लहान कंपन्या टाळाटाळ करतात. ३२ लाखांचं फर्निचर घेणाऱ्या कंपनीला मात्र ते जड जाऊ नये. ‘भरतोय, सीएकडे दिलंय’ असं उत्तर आलं तर फॉर्म भरल्याची पावती मागा, त्यावरचा `SRN`, म्हणजे त्या भरण्याचा क्रमांक, लिहून घ्या, आणि नोंदीतली ताळेबंदाची तारीख पुढे सरकल्यावरच लाकडाची ऑर्डर द्या.